ग्लासमधले पाणी

बॉयलर फुटल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य ठरलेले असते: आतला दाब वाढला आणि स्फोट झाला. वाचणाऱ्याला ते पटते, कारण दाब आणि स्फोट यांची सांगड आपल्या मनात पक्की आहे. पण छोट्या कारखान्यांतले बॉयलर ज्या रीतीने फुटतात ती पाहिली, तर हे वाक्य बऱ्याचदा अपुरे ठरते आणि काही वेळा चुकीचेही. अनेक बॉयलर रोजच्याच दाबावर फुटतात. गेजचा काटा नेहमीच्या जागी असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह गप्प असतो आणि त्याचे गप्प असणे बरोबरच असते, कारण त्याला उठायला सांगणारी घटना घडलेलीच नसते. पत्रा मऊ झालेला असतो किंवा झिजून पातळ झालेला असतो. कालपर्यंत पेललेला दाब त्याला आज पेलत नाही.

हे पुस्तक बॉयलर अटेंडंट, फायरमन आणि छोट्या कारखान्याचे मालक यांच्यासाठी आहे. प्रस्तावनेत सगळा विषय कवेत घेण्याचा विचार नाही. व्हॉल्व्ह काय पाहतो, त्याला काय दिसत नाही आणि जे दिसत नाही ते कोणी पाहायचे, एवढाच धागा धरतो. उदाहरणादाखल इचलकरंजीच्या एखाद्या सायझिंगमध्ये असतो तसा बॉयलर डोळ्यांसमोर ठेवू: आडवा पडलेला लोखंडी दंडगोल, आत लाकूड किंवा बगॅस जाळायची भट्टी, भट्टीतून निघालेला धूर नळ्यांतून मागे-पुढे फिरून चिमणीला जातो आणि या सगळ्याभोवती पाणी. तासाला दोन टन वाफ देणारा. नेमप्लेटवर दाब १०.५४ किलो लिहिलेला. हा आकडा पाहून नवे लोक चक्रावतात. ते जुने दीडशे पौंड आहेत, एकक बदलले एवढेच.

आधी फुटते काय ते पाहू. लोक म्हणतात वाफ फुटली. पण आपल्या बॉयलरमध्ये वाफ असते जेमतेम काही किलो, पाणी असते सुमारे पाच टन. दहा किलो दाबाखाली हे पाणी १८४ अंशांवर असते आणि तरीही उकळून उडून जात नाही, कारण वरचा दाब त्याला धरून ठेवतो. पत्रा फाटला की तो दाब क्षणात जातो. उघड्या हवेत पाणी शंभर अंशांच्या वर पाणी म्हणून राहू शकत नाही, म्हणून अंगातली जादा उष्णता खर्च करून त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो. पाच टनांतले आठशे किलो. उघड्या हवेत एक किलो वाफेला साधारण १.७ घनमीटर जागा लागते, म्हणजे तेराशे घनमीटरहून अधिक वाफ एका दमात जागा मागते. बॉयलरची खोली फार तर चार-पाचशे घनमीटरची. भिंती का पडतात आणि कित्येक टनांचे धूड छपरातून बाहेर का जाते, याचे उत्तर या हिशोबात आहे. नुसत्या थंड पाण्याने भरलेले भांडे तेवढ्याच दाबावर फाटले तर पाणी गळते आणि दाब उतरतो, कारण पाणी दाबले जात नाही आणि साठवून ठेवलेली ताकद त्याच्याकडे फारशी नसते. बॉयलरची हायड्रोलिक चाचणी थंड पाण्याने घेतात ती याचसाठी.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. बैठकीवर एक चकती, चकतीवर स्प्रिंग. खालून वाफेचा जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा जास्त झाला की चकती उठते, वाफ बाहेर जाते आणि दाब थोडा उतरला की चकती परत बसते. भारतीय बॉयलर नियमांची त्याच्याकडून मागणी स्पष्ट आहे. वाफ बाहेर नेणारा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, आग पूर्ण जोरात ठेवायची आणि अशा बॉयलरवर पंधरा मिनिटे सेफ्टी व्हॉल्व्हनेच सगळी वाफ सोडायची. या काळात दाब मंजूर दाबाच्या वर दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढता कामा नये. आपल्या बॉयलरवर ही मर्यादा साडेअकरा किलोच्या आसपास येते. म्हणजे व्हॉल्व्ह उठतो एवढे पुरत नाही. आग जितकी वाफ बनवते तितकी त्याच्यातून निघाली पाहिजे. कोणी भट्टी बदलून जाळ वाढवला, मोठा पंखा बसवला आणि व्हॉल्व्ह जुनाच ठेवला, तर व्हॉल्व्ह उठतो, मोठ्याने फुसफुसतो आणि काटा तरीही वर चढत राहतो.

व्हॉल्व्ह बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा माणसाच्या हातून, आणि तेही चांगल्या हेतूने. सुरुवात गळतीने होते. बैठकीवर कचरा किंवा क्षार अडकतो, चकती नीट बसत नाही आणि बारीक वाफ सतत जात राहते. वाफ जाणे म्हणजे सरपण जाणे, म्हणून कोणीतरी स्प्रिंग दोन आटे आवळतो. गळती थांबते आणि व्हॉल्व्ह आता किती दाबावर उठेल हे कोणालाच माहीत नसते. चाचणीच्या वेळी चकती दाबून धरायला लावलेला शिकंजा काढायचा राहून जातो, हाही प्रकार जुना आहे. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाला पाणी निथळायला भोक असते. त्यातून अंगावर थेंब पडतात म्हणून ते बुजवले जाते, मग पाइपमध्ये पाणी साचते, बैठक गंजते आणि चकती चिकटते. चिकटलेला व्हॉल्व्ह बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, गळतही नाही. तो ओळखायचा एकच मार्ग आहे. दाब नेमलेल्या दाबाच्या तीन-चतुर्थांशाच्या वर असताना हाताच्या लिव्हरने चकती क्षणभर उचलून पाहायची. वाफ जोरात सुटली आणि लिव्हर सोडताच बंद झाली तर ठीक. उठलीच नाही तर जास्त जोर लावत बसू नये. बॉयलर थंड करून व्हॉल्व्ह उतरवावा.

या सगळ्याची काळजी घेतली, दोन्ही व्हॉल्व्ह नव्यासारखे ठेवले, तरी व्हॉल्व्हला फक्त दाब कळतो. पत्र्याची जाडी किंवा पाण्याची पातळी त्याला कळत नाही.

जाडीचे काम तपासणीचे. आपल्याकडे तपासणी सक्तीची होण्यामागे १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेला स्फोट आहे. त्यानंतर पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा झाला. देशभरासाठीचा कायदा १९२३ चा, आणि त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे असते. आपल्यासारख्या बॉयलरचे प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचे असते. त्या कागदाचा अर्थ एवढाच की अमुक दिवशी थंड, कोरडा आणि उघडा केलेला बॉयलर निरीक्षकाने आतून पाहिला आणि तो अमुक दाबासाठी योग्य वाटला.

म्हणून उघडे करण्याला किंमत आहे. पाणी काढलेले हवे, मॅनहोल आणि हातभोके उघडी हवीत, भट्टीतली जाळी काढलेली हवी, काजळी आणि क्षार खरवडलेले हवेत, व्हॉल्व्ह आणि कॉक खोलून ठेवलेले हवेत. शेजारच्या चालू बॉयलरशी असलेली जोडणी तोडलेली हवी, नाहीतर आत माणूस असताना पलीकडून वाफ येईल. अर्धवट साफ केलेल्या बॉयलरमध्ये निरीक्षकाला क्षार दिसतो, त्याखालचा पत्रा दिसत नाही. तो काय पाहतो? भट्टीची गोलाई. वरची कमान आत झुकली आहे का, हे आडव्या-उभ्या मापाने कळते. डोळ्यांवर विसंबता येत नाही. पाण्याच्या रेषेजवळ ऑक्सिजनने पाडलेले खड्डे. नळ्यांच्या तोंडाशी गळतीचे पांढरे ओघळ. बाहेरून, इन्सुलेशनखाली आणि तळातल्या ब्लोडाऊनच्या पाइपजवळ ओलीने खाल्लेला पत्रा, जिथे अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजतात. आणि भट्टी जिथे टोकाच्या पत्र्याला मिळते तो कोपरा. बॉयलर तापतो-निवतो तशी भट्टी लांबते-आखडते, कोपरा दर वेळी किंचित वाकतो आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने तिथे आतून बारीक चर पडते.

अशी चर किती महाग पडू शकते याचे शिकवण्याजोगे उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रॉक्टन गावी घडले. २० मार्च १९०५ च्या सकाळी ग्रोव्हर बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. नवा बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून राखीव ठेवलेला जुना पेटवला होता. तो छपर फोडून बाहेर गेला, इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याला आग लागली. ५८ माणसे गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. त्या काळी दंडगोलाचा पत्रा वळवून एक कड दुसरीवर चढवत आणि रिव्हेट मारत. कडेवर कड चढवल्याने वर्तुळ पूर्ण गोल होत नाही. दाब आला की ते गोल व्हायला पाहते आणि जोडाजवळ वाकते. रोज पेटवताना एकदा, विझवताना एकदा. शेवटी जोडाच्या आतल्या अंगाला चीर पडते आणि ती वरच्या पत्र्याखाली झाकलेली राहते. तपासणाऱ्याला ती आतूनही दिसत नाही, बाहेरूनही नाही. दाब मर्यादेत असो वा नसो, असा जोड कधीतरी उलगडणारच. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे कडक नियम केले आणि १९१४ च्या सुमारास अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता तयार झाली. जगभर अनेक ठिकाणी आज तिचाच आधार घेतात. उत्तर तपासणीत नव्हते, रचनेत होते. असा जोडच वापरायचा नाही.

मला या घटनेतली राखीव बॉयलरची बाब जास्त बोचते. आपल्याकडेही जुना बॉयलर ‘अडीअडचणीला’ म्हणून कोपऱ्यात उभा असतो. उभा असताना तो ओल्या हवेत गंजत असतो आणि पेटतो तो घाईच्या दिवशी.

साखर कारखान्यांचे मोठे बॉयलर या पुस्तकात नाहीत. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाचे समारंभ होतात ते बॉयलर वेगळ्या जातीचे. तिथे पाणी नळ्यांत असते आणि आग बाहेर, म्हणून एखादी नळी फुटली तरी सगळे पाणी एकदम सुटत नाही. त्यांचे धोके भट्टीच्या बाजूला अधिक, आणि तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. आगीविना दाबाखाली असलेली भांडी, म्हणजे हवेचे रिसिव्हर, गॅसच्या टाक्या, रासायनिक कारखान्यांतले रिअ‍ॅक्टर, यांना इथे एकच छोटे प्रकरण दिले आहे. गॅसच्या टाक्यांचे नियम नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था पाहते. रिअ‍ॅक्टरचा स्वभाव आणखी निराळा. त्याला तापवणारी आग त्याच्या पोटातच, रासायनिक क्रियेत असते आणि ती पाण्याच्या हिशोबाने चालत नाही. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या स्फोटाच्या पहिल्या बातम्यांत बॉयलर होता, नंतर रिअ‍ॅक्टरचे नाव पुढे आले. बातमीत दोन्ही एकच वाटतात. स्फोटाचे कारण शोधताना मात्र दोघांच्या वाटा फार लांब जातात.

आता पाणी.

भट्टीचा पत्रा आतून हजार अंशांच्या आसपासच्या ज्वाळेला सामोरा असतो. तरी तो स्वतः पाण्यापेक्षा थोडाच जास्त तापतो, कारण पलीकडचे पाणी उष्णता सतत ओढून नेते. पाणी खाली गेले आणि कमान उघडी पडली की ओढणारे कोणी उरत नाही. पत्रा पाचशे-सहाशे अंशांवर जातो, लालसर होतो आणि त्याची ताकद निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरते. वरून दाब तोच, दहा किलो. कमान आत झुकते, फाटते आणि मघाचा पाच टनांचा हिशोब सुरू होतो. या पूर्ण काळात दाब वाढलेला नसतो. घरच्या कुकरमध्ये हाच धडा आहे: पाणी आटलेला कुकर शिट्टी करत नाही, त्याच्या झाकणातली मऊ धातूची गुंडी वितळते. बॉयलरच्या भट्टीच्या कमानीत तशीच वितळणारी डाट, फ्युजिबल प्लग, बसवतात. पण तिच्यावर क्षार चढला की तिच्याही वागण्याचा भरवसा उरत नाही.

पातळी दाखवतो तो गेज ग्लास. वर वाफेचा कॉक, खाली पाण्याचा कॉक, तळाला निचऱ्याचा. अटेंडंटने पहिल्या दिवशी समजून घ्यावी अशी याची एक खोड आहे. खालची वाट क्षाराने तुंबली तर ग्लासमधली वाफ थंड होऊन पाणी बनते, ते बॉयलरमध्ये परत जाऊ शकत नाही आणि पातळी हळूहळू वर चढते. वरची वाट तुंबली तर ग्लासमधली वाफ थंड होऊन तिथला दाब घटतो आणि खालचे पाणी वर ढकलले जाते. पुन्हा पातळी वर. वाट कोणतीही तुंबो, ग्लास खोटे बोलतो ते एकाच बाजूने: आहे त्यापेक्षा जास्त पाणी आहे. म्हणून स्थिर, भरलेला, न हलणारा ग्लास बघून निर्धास्त व्हायचे नाही. चालत्या बॉयलरमध्ये पातळी थोडी थरथरत असते.

खरे-खोटे करायला प्रत्येक पाळीत ग्लास ब्लो करतात. निचऱ्याचा कॉक उघडायचा. वाफेचा कॉक बंद करायचा, पाणी जोरात आले पाहिजे. तो उघडून पाण्याचा बंद करायचा, आता वाफ जोरात यावी. दोन्ही उघडे करून निचरा बंद केला की पाणी झटकन उडी मारून आपल्या जागी आले पाहिजे. सावकाश, रांगत आले तर खालची वाट अर्धी तुंबली आहे असे समजावे. पंप चालू-बंद करणाऱ्या आणि पाणी फार उतरल्यास भोंगा वाजवणाऱ्या फ्लोटच्या डब्यातही असाच गाळ बसतो. तो डबाही ब्लो करून पाहायचा: पंप चालू झाला का, भोंगा वाजला का, पंखा बंद झाला का. भोंगा सारखा वाजतो म्हणून त्याच्या वायरला जंपर मारलेला कारखाना अटेंडंटांना नवा नाही.

रात्रीची पाळी धरू. पाणी नेहमीच्या पातळीवर, म्हणजे सर्वांत वरच्या तापणाऱ्या पत्र्याच्या साधारण पंधरा सेंटिमीटर वर. बॉयलर दोन मीटर व्यासाचा, चार मीटर लांबीचा. या उंचीला पाण्याचा पृष्ठभाग सहा-साडेसहा चौरस मीटर भरतो. तासाला दोन टन वाफ निघते आणि पंप पाणी देत नाही, तर पातळी मिनिटाला सुमारे सहा मिलिमीटर उतरते. पंधरा सेंटिमीटरला पंचवीस मिनिटे. पण ग्लासचे खालचे टोक पत्र्याच्या सात-आठ सेंटिमीटर वर असते. ग्लासमधून पाणी दिसेनासे झाल्यावर हाती उरतात बारा-तेरा मिनिटे, आणि माणसाने ग्लासकडे नेमके कधी पाहिले यावर त्यातली किती शिल्लक असतील ते अवलंबून.

त्यात लाईट गेली. फीड पंप थांबला, पंखा थांबला, यंत्रे थांबली. तेल किंवा गॅसवरच्या बॉयलरमध्ये ज्योतही थांबते. लाकडाच्या भट्टीत निखारे धगधगत राहतात. यंत्रांनी वाफ घेणे बंद केले म्हणून दाब चढतो, पाण्यातले बुडबुडे आक्रसतात आणि ग्लासमधली पातळी एकदम खाली बसते. पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह उठतो, आपले काम चोख करतो आणि ते करताना बॉयलरमधले पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकत राहतो. दाबापासून वाचवणारी वस्तू इथे पाणी कमी करत असते. म्हणून लाकडावरच्या बॉयलरला विजेवर अवलंबून नसलेली पाणी देण्याची दुसरी सोय हवी, वाफेवर चालणारा इंजेक्टर असो की डिझेलचा पंप, आणि ती महिन्यातून एकदा खरोखर चालवून पाहिलेली असावी.

ग्लासमध्ये पाणी नाही आणि ब्लो करूनही येत नाही, म्हणजे पातळी कुठे आहे हे माहीतच नाही, तेव्हा पाणी द्यायचे नाही. मनाला हेच सर्वांत जड जाते, कारण कमी आहे ते भरावे ही सहजबुद्धी. पण लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडले तर पत्रा आखडून चिरतो आणि वाफेचा लोट एकदम उठतो. तसेच सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून दाब झटकन उतरवायचा नाही, मुख्य व्हॉल्व्हशी खेळायचे नाही. पंखा बंद, सरपण बंद. जवळ जाणे सुरक्षित असेल तर निखाऱ्यांवर ओली राख टाकून आग दाबायची, भट्टीत पाणी मारायचे नाही. मग माणसे बाहेर काढायची आणि बॉयलर आपोआप निवेपर्यंत खोलीत कोणी जायचे नाही.

निवल्यावर तो बरा दिसतो. कुठे गळत नाही, ग्लास फुटलेला नाही आणि मालक सकाळच्या पाळीसाठी उभा असतो. कमान मात्र सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर बसलेली असू शकते आणि बॅटरीच्या उजेडात तेवढे दिसत नाही. माप घेतल्यावर कळते. म्हणून असा बॉयलर पाणी भरून पेटवायचा नाही. भट्टीचे माप निरीक्षकासमोर घ्यायचे. १९२३ च्या कायद्यात अपघात चोवीस तासांच्या आत कळवण्याची सक्ती होती, आणि बॉयलर फुटला नाही तरी भट्टीचा आकार बदललेला निघाला तर ती घटना दडवण्याजोगी नाही. वेल्डरला बोलावून कमान ठोकून सरळ करणे ही दुरुस्ती नव्हे. तापून मऊ झालेल्या पत्र्याची घडण बदललेली असते, तो भाग कापून नवा बसवायचा की नाही हे मंजुरीने ठरते. पाचव्या प्रकरणात अशा मापाची पद्धत आकृत्यांसह दिली आहे. वाचकाने बाकीचे पुस्तक मागे ठेवून ते आधी वाचले तरी चालेल.